दरमहा हप्ता की एकरकमी? पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्या नोकरदारांसाठी

नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती तेव्हा मला पहिला मोठा बोनस मिळाला. तोपर्यंत दरमहा थोडी रक्कम आपोआप कापून जायची, त्यामुळे विचार करायची वेळच आली नव्हती. बोनस खात्यात आला आणि पंचाईत झाली. सगळा एकदम टाकायचा की तुकड्यातुकड्यांनी? दहा जणांना विचारलं तर पंधरा मतं मिळाली. त्या गोंधळात मी जे केलं ते दोन्ही पद्धतींपेक्षा वाईट निघालं. ते पाचव्या पायरीत सांगतो, पण आधी पहिल्यापासून.

हा लेख शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या साध्या, पसरट फंडाबद्दल आहे, म्हणजे शेकडो कंपन्यांचे शेअर्स एकत्र धरणारा इंडेक्स फंड वगैरे. एकाच कंपनीच्या शेअरला यातलं गणित लागू होत नाही. आकडे तुमच्या चलनात वाचा.

1. आधी ठरवा: पैसा हातात आहे की यायचा आहे?

निम्मा गोंधळ इथेच मिटतो. महिन्याच्या पगारातून 10,000 बाजूला पडत असतील तर तुमच्यापुढे निवड नाहीच. पुढच्या डिसेंबरचा पगार आज गुंतवता येत नाही. दरमहाचा हप्ता म्हणजे आलेले पैसे आले तसे गुंतवणं, आणि दर महिन्यापुरतं पाहिलं तर ते एकरकमीच आहे. "एसआयपी चांगली की एकरकमी" हा वाद पगारातून पडणाऱ्या बचतीसाठी निरर्थक आहे.

प्रश्न खरा होतो तो मोठी रक्कम आधीच हातात असेल तेव्हा. बोनस, मुदत संपलेली ठेव, घरातून मिळालेले पैसे, किंवा बचत खात्यात नुसतीच साठत गेलेली शिल्लक. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. दोन वर्षं काहीच केलं नाही आणि खात्यात बारा पगारांएवढी रक्कम पडून आहे, तर तुम्हीही एकरकमीच्या प्रश्नापाशी आला आहात.

2. या रकमेतून आधी काय वजा करायचं

यावर फार लिहीत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा, कारण त्यावरचं व्याज कुठल्याही फंडाकडून अपेक्षा ठेवता येईल त्यापेक्षा जास्त असतं. मग किमान तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च लगेच काढता येईल अशा जागी ठेवा. येत्या चार-पाच वर्षांत नक्की लागणारी रक्कमही वजा करा. उरली ती गुंतवायची. उरलं काहीच नाही तर पुढची चर्चा सध्या तुमच्यासाठी नाही; चौथी पायरी मात्र वाचा.

3. कागदपत्रं आणि तयारी

खातं उघडायला बहुतेक ठिकाणी हे लागतं:

- फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- कर भरताना वापरता तो क्रमांक
- ज्या खात्यातून पैसे कापले जाणार त्या बँक खात्याचा पुरावा
- तुमच्याच नावावरचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल
- वारसदार म्हणून ज्याचं नाव लावायचं त्याचा तपशील

माझा अर्ज तीन आठवडे अडकला तो नावामुळे. ओळखपत्रावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, बँकेत फक्त आद्याक्षरं. अर्ज भरण्याआधी सगळी कागदं शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळते का ते बघा. दुरुस्ती लागणार असेल तर ती आधी करून घ्या. आणि बँक खातं पगाराचंच द्यायचं असेल तर नोकरी बदलल्यावर ते खातं चालू राहणार आहे का, हाही विचार करा. खातं बंद पडलं की हप्ताही बंद पडतो.

4. दरमहाचा हप्ता लावणं

रक्कम ठरवताना महिनाअखेरीस काय उरतं ते बघू नका; उरत काहीच नाही. मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि सगळ्यात खर्चिक महिना शोधा. त्या महिन्यातही जेवढी रक्कम गेली असती तरी चाललं असतं, तेवढाच हप्ता ठेवा. सुरुवातीला तो लहान वाटेल. पगारवाढ झाली की वाढवा. बऱ्याच ठिकाणी दरवर्षी आपोआप ठरावीक टक्के वाढवण्याची सोय असते.

तारीख पगाराच्या दिवसाची ठेवू नका. पगार 1 तारखेला होतो असं आपण म्हणतो, पण 1 तारखेला सुट्टी आली की तो 3 तारखेला होतो. तोवर कापणी येऊन परत गेलेली असते आणि बँक न वटलेल्या हप्त्याचा दंड लावते. पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवा. कुठली तारीख जास्त फायद्याची, यावर मात्र वेळ घालवू नका. महिन्यात बाजार नेमका कधी खाली असेल हे तारखेवरून कळत नाही.

बँकेला दिलेला कापणीचा आदेश मंजूर व्हायला काही दिवस जातात. म्हणून पहिली कापणी खरंच झाली का आणि फंडात युनिट जमा झाले का, हे दोन्ही तपासा. पैसे गेले पण युनिट आले नाहीत, असं झालं तर तक्रार लगेच करायची असते, तीन महिन्यांनी नाही. आदेशाला शेवटची तारीख आहे का तेही बघून ठेवा. माझ्या एका सहकाऱ्याची कापणी मुदत संपल्यामुळे थांबली होती आणि त्याला ते आठ महिन्यांनी कळलं.

5. मोठी रक्कम हातात असेल तर

समजा 1,20,000 आहेत. एक मार्ग म्हणजे सगळे आज टाकायचे. दुसरा म्हणजे 30,000 चे चार भाग करून दर तीन महिन्यांनी एक टाकायचा. फंडाच्या एका युनिटची किंमत आज 100 आहे असं धरू. एकरकमी टाकलं तर 1,200 युनिट मिळतात, विषय संपला. चार हप्त्यांत काय होतं ते बाजार कसा चालतो त्यावर ठरतं.

*बाजार पडून सावरला.* किंमत 100, 90, 80 आणि पुन्हा 100. हप्त्यांना अनुक्रमे 300, 333, 375 आणि 300 युनिट मिळतात, एकूण सुमारे 1,308. किंमत 100 ला परत आली तेव्हा हप्तेवाल्याकडे सुमारे 1,30,800 आहेत आणि एकरकमीवाल्याकडे 1,20,000. माहितीपत्रकांत हेच उदाहरण छापलेलं असतं, आणि ते खोटं नाही. किंमत उतरली की त्याच पैशांत जास्त युनिट येतात, त्यामुळे सरासरी खरेदी स्वस्त पडते.

*बाजार चढत राहिला.* किंमत 100, 105, 110, 115. युनिट मिळतात सुमारे 1,119, त्यांची किंमत सुमारे 1,28,700. एकरकमीवाल्याचे 1,200 युनिट 1,38,000 चे झालेत. हप्तेवाला 9,300 नी मागे. हे उदाहरण माहितीपत्रकात क्वचितच दिसतं.

*बाजार आधी चढला, हप्ते संपल्यावर पडला.* किंमत 100, 110, 120, 115, आणि त्यानंतर घसरून 90. हप्तेवाल्याकडे सुमारे 1,084 युनिट, म्हणजे 97,500 च्या आसपास. एकरकमीवाल्याकडे 1,08,000. बाजार पडला, तरीही तुकडे करणारा मागेच राहिला. कारण पडझड हप्त्यांच्या मुदतीत आली नाही, नंतर आली.

तिसरं उदाहरण कागदावर एकदा स्वतः करून बघा. हप्त्यांमुळे संरक्षण मिळतं ते फक्त त्या मुदतीतल्या पडझडीपासून. मुदत संपली की तुमचे सगळे पैसे बाजारात असतात आणि तुम्ही एकरकमीवाल्याच्याच बोटीत बसलेले असता.

मग या तीनपैकी कुठलं जास्त वेळा घडतं? गुंतवणूक कंपनी व्हॅनगार्डने 2012 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांतल्या जुन्या आकड्यांवरून हीच तुलना केली: सगळे पैसे एकदम, विरुद्ध बारा महिन्यांत विभागून. साधारण तीनपैकी दोन वेळा एकदम टाकणारा पुढे होता. त्यात जादू काही नाही. शेअर बाजार लांब मुदतीत वर जात आला आहे, त्यामुळे बाहेर थांबलेल्या पैशाचं सरासरी नुकसान होतं.

हे नुकसान किती, ते तुम्हालाही काढता येतं. बारा हप्ते केले तर पहिला आज जातो, शेवटचा अकरा महिन्यांनी, म्हणजे प्रत्येक पैसा सरासरी साडेपाच महिने बाहेर थांबतो. फंड वर्षाला 10 टक्के देईल आणि थांबलेल्या पैशांवर 5 टक्के व्याज मिळेल असं निव्वळ गृहीत धरलं, तर फरक 5 टक्क्यांचा. साडेपाच महिन्यांसाठी तो सुमारे 2.3 टक्के होतो. 1,20,000 वर 2,750. हा तुमच्या विम्याचा सरासरी हप्ता समजा. विमा कशाचा? पैसे टाकल्या टाकल्या बाजार कोसळला तर येणाऱ्या पश्चात्तापाचा.

आणि तीनपैकी उरलेली एक वेळ क्षुल्लक नसते. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या अखेरीस ज्या उंचीवर बंद झाला होता, ती त्याने पुन्हा ओलांडली 2024 च्या फेब्रुवारीत. असल्या टोकाच्या प्रसंगात बारा हप्त्यांनीही फारसं वाचवलं नसतं. तिथे उपयोग होतो तो एकाच देशाच्या बाजारात सगळं न घालण्याचा.

माझं मत विचाराल तर ते रकमेच्या आकारावर आहे. हातातली रक्कम तुमच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढी असेल तर एकदम टाका आणि विषय सोडून द्या. ती दोन-तीन वर्षांच्या पगाराएवढी असेल आणि तुम्ही बाजाराची पडझड अजून एकदाही स्वतःच्या पैशानिशी पाहिलेली नसेल, तर सहा ते बारा हप्ते करा, 2.3 टक्के गेले तरी चालतील. नवख्या माणसाचं खरं नुकसान होतं ते घाबरून तळाला विकल्यामुळे. त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. बारा महिन्यांपेक्षा जास्त लांबवू नका. तीन वर्षांचे हप्ते करावेसे वाटत असतील तर तुम्हाला शेअर्समध्ये इतका पैसा ठेवायचाच नाहीये, हे त्यातून कळतं. मग शेअर्सचा वाटाच कमी ठेवा आणि बाकीचं ठेवीत किंवा रोख्यांत राहू द्या.

आता माझी गोष्ट. बोनस आला 2020 च्या जानेवारीत. मी सहा मासिक हप्ते ठरवले, पण ते हाताने भरायचे ठरवले, कारण "बाजार बघून टाकू" असं डोक्यात होतं. जानेवारी आणि फेब्रुवारीचा हप्ता भरला. मार्चमध्ये जगभरचे बाजार कोसळले. अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक 19 फेब्रुवारी ते 23 मार्च या महिन्याभरात सुमारे 34 टक्के खाली आला. मी थांबलो. अजून पडेल, मग टाकू. एप्रिलमध्ये बाजार वर यायला लागला तेव्हा वाटलं, ही खोटी तेजी आहे. 18 ऑगस्टला तो निर्देशांक फेब्रुवारीच्या उच्चांकाच्या वर बंद झाला आणि माझे चार हप्ते बचत खात्यातच होते. म्हणजे हप्ते केले ते पडझडीत स्वस्त युनिट मिळावेत म्हणून, आणि पडझड आली नेमकी तेव्हाच हप्ते बंद केले. महाग दोन घेतले, स्वस्त चार सोडले.

6. हप्ते करायचं ठरलं तर ते असे बांधा

या अनुभवातून माझे नियम बनले.

रक्कम पगाराच्या खात्यात ठेवू नका. तिथे ती खर्चात मिसळते. व्याज बरं मिळेल आणि लगेच काढता येईल अशा कमी जोखमीच्या फंडात किंवा वेगळ्या खात्यात ठेवा. बऱ्याच फंड कंपन्या त्यांच्या अशा फंडातून शेअर्सच्या फंडात दरमहा ठरावीक रक्कम आपोआप हलवून देतात. अशी सोय असेल तर तीच वापरा, कारण त्यात तुमच्या हाताचा संबंध राहत नाही. लावण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: लवकर पैसे काढल्याचं शुल्क आहे का, आणि प्रत्येक हालचाल कराच्या दृष्टीने विक्री धरली जाते का. प्रत्येक खरेदीवर ठरावीक शुल्क लागत असेल तर हप्ते कमी आणि मोठे ठेवा.

हप्त्यांची संख्या आणि शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा. मी ती एका कागदावर लिहून बायकोला दिली होती, हे थोडं विनोदी वाटेल, पण दुसऱ्या वेळी एकही हप्ता चुकला नाही. बाजार पडला म्हणून थांबायचं नाही, तसं बाजार चढतोय म्हणून उरलेले हप्ते घाईने एकदम टाकायचेही नाहीत. चालू मासिक हप्ताही या काळात बंद करू नका. तो पगारातून येतो, हे वेगळे पैसे आहेत.

7. परतावा मोजताना फसू नका

वर्षभर दरमहा 10,000 भरले, एकूण 1,20,000. वर्षअखेर मूल्य 1,26,000. "फक्त 5 टक्के? ठेव बरी होती!" असं म्हणून लोक इथेच सोडून देतात. पण सगळे 1,20,000 वर्षभर गुंतलेले नव्हते. पहिला हप्ता बारा महिने राहिला, शेवटचा एकच महिना. सरासरी साडेसहा महिने. म्हणून खरा वार्षिक दर 5 टक्क्यांहून बराच जास्त आहे.

तो काढायला स्प्रेडशीटमध्ये तारखा एका रकान्यात आणि रकमा दुसऱ्यात लिहा. भरलेले पैसे उणे चिन्हाने आणि आजचं मूल्य अधिक, शेवटच्या ओळीत.

```
A2: 01/01   B2: -10000
A3: 01/02   B3: -10000
...
A13: 01/12  B13: -10000
A14: 01/01  B14: 126000
=XIRR(B2:B14,A2:A14)
```

तारखा वर्षासकट लिहा. शेवटची तारीख पुढच्या वर्षाची. उत्तर येतं सुमारे 9.3 टक्के. ठेवीच्या व्याजाशी तुलना करायची ती या आकड्याची. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या राहिल्या तर सूत्र चूक दाखवतं. पहिल्यांदा करताना बहुतेकांचं तेच होतं. आणि पहिल्या काही महिन्यांत हा आकडा बघूच नका. दोन महिन्यांत झालेली 3 टक्के घसरण वर्षाच्या दरात रूपांतरित होऊन भीतिदायक दिसते.

8. काही वर्षांनंतर हप्त्याचा आधार उरत नाही

"माझी एसआयपी आहे, मला पडझडीची काळजी नाही" हे वाक्य पहिल्या दोन वर्षांत बरोबर असतं. दहा वर्षं 10,000 भरत राहिलात तर नुसते भरलेलेच 12,00,000 होतात. त्यापुढचा एक हप्ता त्या रकमेच्या 1 टक्क्यापेक्षाही कमी असतो. बाजार 30 टक्के पडला तर 3,60,000 कमी होतात, म्हणजे तीन वर्षांचे सगळे हप्ते. नव्या हप्त्याला स्वस्त युनिट मिळतात खरे, पण जुन्या साठ्यापुढे त्यांचं वजन काहीच नसतं. नकळत तुम्हीही एकरकमीवाले झालेले असता.

इथे पद्धतीपेक्षा वाटणी कामाला येते. एकूण पैशांपैकी शेअर्समध्ये किती आणि ठेवी-रोख्यांत किती, हे प्रमाण वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला बघा. 70 टक्के ठरवलं होतं आणि तेजीमुळे 80 झालं असेल, तर काही महिने नवा हप्ता रोख्यांकडे वळवा. त्याने भागत नसेल तरच विक्री करून प्रमाण जागेवर आणा. मी हे कर भरण्याच्या महिन्यात करतो, कारण तेव्हा सगळी स्टेटमेंट्स तशीही काढलेली असतात.